वयस्कर पेशंटच्या औषधांचा आढावा: पंधरा मुद्द्यांतून डॉक्टरांसमोर काय आणि कोणत्या क्रमाने ठेवायचे

प्रश्न: "फार्म.डी. करून आठ महिन्यांपूर्वी एका ट्रस्टच्या हॉस्पिटलमध्ये रुजू झाले. वयस्कर पेशंटच्या औषधांचा आढावा घेतला की दहा-पंधरा मुद्दे निघतात. सगळे लिहून केसपेपरला लावते, पण फिजिशियन सर एखादा मुद्दा घेतात, बाकी तसेच राहतात. मला तर सगळेच महत्त्वाचे वाटतात. आधी काय लिहायचे, नंतर काय, आणि किती लिहायचे?"

तुमचा कागद औषधांच्या क्रमाने चालत असणार, असा माझा अंदाज आहे. पहिली गोळी आणि तिच्याबद्दलचे मुद्दे, मग दुसरी गोळी आणि तिच्याबद्दलचे मुद्दे. आढावा घेताना आपण त्याच क्रमाने जातो, म्हणून लिहितोही तसेच. पण ओपीडीत बाहेर रांग लागलेली असताना डॉक्टरांना त्या कागदातून एकच गोष्ट हवी असते: मला आत्ता काय ठरवायचे आहे? ते शोधून काढण्याचे काम आपण त्यांच्यावर टाकले, की जो मुद्दा वर आहे आणि चटकन होण्यासारखा आहे तेवढा ते घेतात.

सुरुवातीच्या वर्षांत मी असाच एक दोन पानी आढावा दिला होता. सतरा मुद्दे होते. पहिला थायरॉइडच्या गोळीच्या वेळेचा, कारण सकाळची पहिली गोळी तीच. ग्लिबेनक्लामाइड चालू आहे आणि क्रिएटिनिन वाढलेले आहे, हा मुद्दा दुसऱ्या पानावर अकरावा. डॉक्टरांनी थायरॉइडच्या गोळीची वेळ बदलून सही केली. चौथ्या दिवशी पहाटे तो पेशंट ३८ साखर घेऊन कॅज्युअल्टीत आला. तो बरा होऊन घरी गेला, पण माझ्या कागदात सगळे बरोबर लिहिलेले असूनही हे घडले होते. त्या दिवसापासून मी आढावा एका क्रमाने घेतो आणि लिहितो दुसऱ्याच क्रमाने.

पुढे सांगतो ते हॉस्पिटलमधल्या कामाला धरून आहे, जिथे रिपोर्ट हाताशी असतात आणि डॉक्टर त्याच इमारतीत भेटतात. मेडिकलच्या काउंटरवरून आढावा घेणाऱ्याला क्रिएटिनिनच माहीत नसते, त्यामुळे त्याची पहिली विनंती बहुधा तपासणीचीच असेल. शिवाय तुमचे सर नवे आहेत की जुने, त्यांना फोन आवडतो की कागद, यावरही बरेच अवलंबून आहे. तेवढे तुम्हाला तिथेच ताडावे लागेल.

एका केसवरून सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.

आजी ७४ वर्षांच्या, वजन ४६ किलो. मधुमेह आणि ब्लडप्रेशर जुने. चक्कर येते आणि पाय सुजतात म्हणून सून त्यांना फिजिशियनच्या ओपीडीत घेऊन आली. मी नेहमीप्रमाणे सांगितले होते की प्रिस्क्रिप्शन नको, घरातली गोळ्यांची पिशवीच आणा. टेबलावर पिशवी उपडी केली तेव्हा ११ प्रकारच्या गोळ्या निघाल्या. टेल्मिसार्टन ४० आणि अॅम्लोडिपिन ५ ची एकत्र गोळी, शिवाय अॅम्लोडिपिन ५ वेगळी. टॉरसेमाइड १०. ग्लिमेपिराइड २ आणि मेटफॉर्मिन ५०० ची एकत्र गोळी, दिवसातून दोनदा. अॅसिक्लोफेनॅक-पॅरासिटामॉल, तीही दोनदा. पॅन्टोप्रॅझोल-डोम्पेरिडोन, आणि दुसऱ्या ब्रँडची साधी पॅन्टोप्रॅझोल. अॅस्पिरिन ७५ आणि अॅटोरव्हास्टॅटिनची एकत्र गोळी. थायरॉक्सिन ५०, कॅल्शियम, आणि रात्री अल्प्राझोलम ०.२५.

अॅसिक्लोफेनॅकचा फिजिशियनच्या केसपेपरवर उल्लेखच नव्हता. ती एप्रिलमध्ये गुडघ्यासाठी हाडांच्या डॉक्टरांनी दहा दिवसांपुरती दिली होती. आराम पडला म्हणून मुलगा जुनी स्ट्रिप दाखवून मेडिकलमधून आणतच राहिला. पिशवीत तिच्या तीन स्ट्रिप होत्या, एक अर्धी संपलेली. हे कुठल्याही कागदावर सापडले नसते.

रिपोर्ट असे होते: मार्चमध्ये क्रिएटिनिन १.०, आता जुलैमध्ये १.६. पोटॅशियम ५.४. एचबीए१सी ६.४. बसून ब्लडप्रेशर १२८/७०, उभे राहिल्यावर तीन मिनिटांनी १०८/६४. फाइलमध्ये जुना इको होता, हृदयाचे पंपिंग चांगले. आणि सुनेने बोलता बोलता सांगितले, "आई पहाटे घामाने भिजून उठतात. परवा मशीनवर पाहिली तर साखर ५८ होती, मग गूळ दिला."

कच्च्या वहीत माझे १५ मुद्दे झाले. इंटरॅक्शन तपासायच्या सॉफ्टवेअरने आणखी १९ इशारे दिले. यातले काय डॉक्टरांकडे न्यायचे?

मी सगळ्यात आधी तारखा मांडतो. प्रत्येक गोळीसमोर ती कधी सुरू झाली किंवा डोस कधी वाढला, ते लिहायचे. बाजूला तक्रार कधी सुरू झाली आणि रिपोर्ट कधी बदलला, ते. आजींच्या बाबतीत ही मांडणी केल्यावर पुढची साखळी दिसली. एप्रिलमध्ये अॅसिक्लोफेनॅक सुरू झाली. मे महिन्यात ब्लडप्रेशर वाढलेले आढळले, म्हणून अॅम्लोडिपिनची जादा गोळी आली. वेदनाशामके अंगात मीठ-पाणी धरून ठेवतात आणि ब्लडप्रेशर वाढवतात, तेव्हा हे जुळते. जूनमध्ये घोट्यांवर सूज आली, म्हणून टॉरसेमाइड आली. अॅम्लोडिपिनमुळे घोट्यावर सूज येते आणि डोस वाढला तर ती वाढते. ती सूज रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपून आलेली असते, त्यामुळे लघवीच्या गोळीने फारशी उतरत नाही. जुलैमध्ये टेल्मिसार्टन, लघवीची गोळी आणि वेदनाशामक अशा तिन्ही गोष्टी एकत्र आल्या आणि क्रिएटिनिन चढले. किडनीचे काम घटल्यावर ग्लिमेपिराइडचे अंश शरीरातून बाहेर पडायला वेळ लागू लागला, आणि पहाटे साखर उतरू लागली.

तारखा जुळतात म्हणजे कारण सिद्ध झाले, असे मात्र नाही. आजींना त्या काळात जुलाब-उलट्या झाल्या असत्या किंवा लघवीचे इन्फेक्शन असते, तरी क्रिएटिनिन वाढलेच असते. ते मी सुनेला विचारून घेतले होते. तसे काही नव्हते. म्हणून कागदावर मी "यामुळे झाले" असे लिहीत नाही, "तारखांवरून असे दिसते" असे लिहितो. डॉक्टर तपासून ठरवतात.

साखळी हाती आली की १५ मुद्द्यांचे वजन बदलते. पायाची सूज, चक्कर, पोटॅशियम, क्रिएटिनिन, पहाटेची साखर हे कच्च्या वहीत पाच मुद्दे होते. त्यातले बरेचसे एका गोळीपाशी येऊन थांबतात. डॉक्टरांना पाच निर्णय मागण्याऐवजी आता एक निर्णय मागता येतो आणि त्यावर टेकलेले दोन. वेगवेगळे मुद्दे मोजत बसण्याऐवजी कारणाने एकत्र बांधले, तर कागद आपोआप लहान होतो.

यानंतर मी प्रत्येक मुद्द्याला दोन प्रश्न विचारतो. यातून होणारे नुकसान किती मोठे, आणि ते किती लवकर होईल? आपण कॉलेजात पहिला प्रश्न शिकतो, दुसरा राहून जातो. अल्प्राझोलममुळे ७४ वर्षांची बाई पडून खुब्याचे हाड मोडू शकते, नुकसान मोठेच आहे. पण ती गोळी दोन वर्षे चालू आहे. ती एकदम बंद करणे धोक्याचे आहे आणि आठवडाभर थांबल्याने फार काही बिघडणार नाही. उलट पहाटेची ५८ साखर आज रात्रीच पुन्हा होऊ शकते. म्हणून ग्लिमेपिराइड आज आणि अल्प्राझोलम पुढच्या भेटीत.

एक तिसरी कसोटी मी हळूहळू शिकलो: धोका पुस्तकातला आहे, की या पेशंटमध्ये त्याची खूण दिसली आहे? सॉफ्टवेअरचे १९ इशारे हे सगळे पुस्तकातले होते. अॅस्पिरिन आणि टेल्मिसार्टन एकत्र आहेत, हा त्यातलाच एक. ७५ मिलिग्रॅम अॅस्पिरिनला तो नावापुरताच. पण वेदनाशामक, लघवीची गोळी आणि टेल्मिसार्टन या त्रिकूटाची खूण रिपोर्टमध्ये लख्ख उमटली होती. ज्याची खूण पेशंटच्या अंगावर किंवा रिपोर्टमध्ये आहे, ते वर घ्यायचे. एकोणीसपैकी १६ इशारे मी कागदावर घेतलेच नाहीत. ते माझ्या नोंदीत आहेत, विचारले तर दाखवता येतात.

असे केल्यावर मुद्द्यांचे चार गठ्ठे होतात: आज, आठवड्याभरात, पुढच्या भेटीत, आणि चौथा माझ्या हातचा. चौथा गठ्ठा नव्या मंडळींकडून नेहमी सुटतो. थायरॉक्सिन आणि कॅल्शियम सकाळी एकत्र घेतले जात होते. त्यात किमान चार तासांचे अंतर हवे. हे सांगायला डॉक्टरांचा निर्णय लागत नाही. मी सुनेला सांगितले की थायरॉइडची गोळी उठल्या उठल्या नुसत्या पाण्याबरोबर द्या आणि कॅल्शियम दुपारच्या जेवणानंतर. तिच्याकडून परत म्हणवून घेतले आणि कागदाच्या तळाशी एका ओळीत "सांगितले" अशी नोंद केली. १५ पैकी चार मुद्दे असेच माझ्या बाजूने मिटले. गोळी बंद करणे, बदलणे किंवा डोस हलवणे हे मात्र लिहून देणाऱ्या डॉक्टरांच्या संमतीशिवाय आपण करायचे नाही, आणि सुनेलाही "ही गोळी थांबवा" असे परस्पर सांगायचे नाही. आज गठ्ठ्यातली बाब असली की फोन करायचा, तो याचसाठी.

आता लिहिण्याकडे येतो. "किडनीवर लक्ष ठेवावे", "वेदनाशामकाचा फेरविचार व्हावा" असली वाक्ये मी पूर्वी लिहीत असे. त्यांत डॉक्टरांनी करायचे असे काही नसते. कुठली तपासणी, किती दिवसांनी, आकडा किती आला तर काय करायचे, हे सगळे त्यांनाच भरावे लागते. आता माझ्या प्रत्येक शिफारशीत चार गोष्टी असतात, त्याच क्रमाने: काय करावे, या पेशंटमध्ये काय दिसले, त्याजागी काय, आणि पुढे काय कधी तपासायचे. पहिल्या वाक्यातच कृती आली पाहिजे. डॉक्टरांनी पुढचे वाचले नाही तरी निर्णय घेता यावा.

आजींच्या कागदावरचा "आज" हा भाग साधारण असा होता. हॉस्पिटलमध्ये आपण तो इंग्रजीत लिहितो, इथे मराठीत देतो:

"अॅसिक्लोफेनॅक-पॅरासिटामॉल आज बंद करावी. एप्रिलपासून रोज चालू (हाडांच्या डॉक्टरांनी दहा दिवसांसाठी दिलेली, पुढे मेडिकलमधून परस्पर). टेल्मिसार्टन आणि टॉरसेमाइडच्या जोडीला. क्रिएटिनिन मार्चमध्ये १.०, आता १.६, पोटॅशियम ५.४. गुडघ्यासाठी पॅरासिटामॉल ६५० दिवसातून तीनदा आणि वरून लावायचे जेल सुचवतो. क्रिएटिनिन व पोटॅशियम पाच दिवसांनी पुन्हा.

ग्लिमेपिराइड आज बंद करावी. पहाटे घाम, घरी साखर ५८, एचबीए१सी ६.४. एकत्र गोळीऐवजी साधी मेटफॉर्मिन ५०० दोनदा लिहावी लागेल. तूर्त बदली गोळी नको असे वाटते. घरी सकाळची व जेवणानंतरची साखर आठवडाभर नोंदवायला सांगतो. वाढत गेल्यास लिनाग्लिप्टिन ५ हा पर्याय, किडनीसाठी डोस कमी करावा लागत नाही.

आपल्या तपासणीत हृदयामुळे पाणी साचल्याची चिन्हे नसतील तर टॉरसेमाइड थांबवावी. सूज अॅम्लोडिपिन १० केल्यानंतरची आहे. उभे राहिल्यावर ब्लडप्रेशर २० ने उतरते, चक्कर आहे."

एवढेच. "आज" खाली तीनपेक्षा जास्त बाबी मी कधी लिहीत नाही. चौथी आली तर त्यातली एखादी खरोखर आजचीच आहे का, हे पुन्हा पाहतो.

यात दोन गोष्टी मुद्दाम पाहा. एकत्र गोळीचा उल्लेख केला नाही, तर आपल्याकडे हमखास घोटाळा होतो. डॉक्टर "ग्लिमेपिराइड बंद" असे लिहितात, घरी तर एकच गोळी आहे. मग एक तर मेटफॉर्मिनही बंद होते, किंवा "ही तर मेटफॉर्मिनची" म्हणून दोन्ही चालू राहतात. जे मोडायचे आहे ते दोन औषधांच्या गोळीत असेल, तर उरलेले अर्धे कोणत्या नावाने लिहायचे ते शिफारशीतच आले पाहिजे. अॅम्लोडिपिनच्या बाबतीत उलट सोय होती: जादाची ५ वेगळी गोळी होती, त्यामुळे डोस कमी करायचा तर तेवढीच काढायची.

दुसरी गोष्ट म्हणजे वेदना. वेदनाशामक बंद करा असे लिहून थांबलो असतो, तर आजींचा गुडघा दुखायचा राहिला नसता. चार दिवसांत तीच स्ट्रिप पुन्हा घरात आली असती. पॅरासिटामॉलचा डोस ठरवून लिहिला आणि मुलाला समजावले, तेव्हाच ती शिफारस टिकते. त्याला मी स्ट्रिपचे मागचे छापलेले नाव बोटाने दाखवले आणि सांगितले की वेगळ्या रंगाच्या, वेगळ्या कंपनीच्या स्ट्रिपवर हेच नाव असले तरी ती घ्यायची नाही.

आठवड्याभराच्या गठ्ठ्यात दोन बाबी होत्या, आणि दोन्ही पहिल्या गठ्ठ्याच्या उत्तरावर अवलंबून. अॅम्लोडिपिन १० वरून ५, पण लगेच नाही. वेदनाशामक काढले की ब्लडप्रेशर खाली येऊ शकते, लघवीची गोळी काढली की थोडे वर जाऊ शकते. त्याच दिवशी तिसरा बदल केला, तर आठवड्याने आकडा हलला तरी कशाने हलला ते कुणालाच सांगता येणार नाही. म्हणून मी लिहिले: "पाच दिवसांनी बसून व उभे राहून ब्लडप्रेशर घ्यावे, वाढलेले नसल्यास वेगळी अॅम्लोडिपिन ५ काढावी. पोटॅशियम ५.५ च्या वर गेल्यास टेल्मिसार्टनही तात्पुरती थांबवण्याचा निर्णय आपला." टेल्मिसार्टन आजच काढावी असे म्हणणारेही भेटतील, आणि क्रिएटिनिन अजून जास्त असते तर मीही तेच म्हटले असते. इथे दोन कारणे दूर होत होती आणि पाचव्या दिवशी तपासणी पक्की होती, म्हणून मी ती निवड डॉक्टरांसमोर उघडी ठेवली.

दुसरी बाब मेटफॉर्मिनची. इथे आकड्यांनी तुमचा गोंधळ होईल, म्हणून जरा थांबून सांगतो. लॅबच्या रिपोर्टवर ईजीएफआर ३४ छापलेला होता. मी कॉकक्रॉफ्ट-गॉल्टने क्रिएटिनिन क्लिअरन्स काढला:

(१४० − ७४) × ४६ ÷ (७२ × १.६) × ०.८५ = २२

३४ आणि २२, एकाच बाईचे, एकाच दिवसाचे. लॅबचा आकडा शरीराचे एक ठरावीक क्षेत्रफळ धरून काढलेला असतो, ४६ किलोच्या आजी त्याहून लहान. म्हणून कागदावर नुसते "किडनी २२ टक्के" असे लिहू नका. कोणत्या सूत्राने काढले ते लिहा. मेटफॉर्मिनची मर्यादा ईजीएफआरवर सांगितलेली आहे. ३० च्या खाली द्यायची नाही. ३० ते ४५ मध्ये फायदा-तोटा तोलायचा आणि दिवसाला १००० मिलिग्रॅमच्या वर जायचे नाही. आजी नेमक्या १००० वर होत्या. पण ही दोन्ही सूत्रे क्रिएटिनिन एका जागी स्थिर आहे असे धरून चालतात. इथे ते चार महिन्यांत दीडपटीहून वर गेले होते आणि अजून हलत असू शकत होते. अशा वेळी कुठल्याही आकड्यावर ठाम बोलायचे नसते. मी लिहिले: "पाच दिवसांनी ईजीएफआर ३० च्या खाली आल्यास मेटफॉर्मिन बंद, तोवर उलट्या-जुलाब झाल्यास किंवा जेवण सुटल्यास गोळी थांबवून लगेच दाखवायला सांगितले आहे." तुमचे सर याहून सावध असतील आणि पाच दिवस मेटफॉर्मिनही थांबवतील, तर तेही पूर्ण योग्य आहे.

पुढच्या भेटीसाठी तीन बाबी उरल्या, आणि त्या मी एकेका ओळीत संपवल्या. पॅन्टोप्रॅझोल दोन ब्रँडमधून दुहेरी जाते, वेदनाशामक बंद झाल्यावर डोम्पेरिडोनच्या जोडगोळीची गरज उरत नाही. अॅस्पिरिन कशासाठी सुरू झाली याची फाइलमध्ये नोंद नाही. हृदयाचा किंवा मेंदूचा पूर्वीचा त्रास नसेल तर ती चालू ठेवण्याबद्दल विचार व्हावा. अल्प्राझोलम हळूहळू कमी करण्याची योजना, पहाटेचा घाम थांबल्यावर. शेवटच्या बाबीला कारण आहे: झोपमोड साखरेमुळे होत असेल, तर ती मिटल्यावर गोळी सोडवणे सोपे जाते.

कागद तयार झाला तरी "आज" गठ्ठ्यासाठी मी कागदावर भरवसा ठेवत नाही. फोन करतो किंवा ओपीडीच्या दारात दोन पेशंटच्या मधल्या वेळात उभा राहतो. बोलणे अर्ध्या मिनिटाचे: "सर, बाहेर बसलेल्या ७४ वर्षांच्या आजी, चक्कर आणि सूज. क्रिएटिनिन १.० वरून १.६ झालंय, घरी पहाटे साखर ५८ निघाली. पिशवीत अॅसिक्लोफेनॅक सापडली, आपल्या पेपरवर नाही. ती आणि ग्लिमेपिराइड आज बंद करावी अशी विनंती आहे. टॉरसेमाइडबद्दल आपण तपासून सांगा." मग गप्प बसायचे. आपण शिकलो ते सगळे सांगायचा मोह तिथे फार होतो. सरांना कारण हवे असेल तर ते विचारतात, आणि विचारल्यावर सांगितलेले ऐकले जाते. त्यांनी जे ठरवले ते मी त्यांच्यासमोर परत म्हणून घेतो आणि केसपेपरवर वेळ टाकून लिहितो.

गोळी दुसऱ्या डॉक्टरांची असेल तर काय, हा प्रश्न तुम्हाला लवकरच पडेल. अॅसिक्लोफेनॅक हाडांच्या डॉक्टरांची होती. अशा वेळी मी निर्णय त्या दिवशी समोर असलेल्या डॉक्टरांकडून घेतो, आणि मूळ डॉक्टरांना चार ओळींची चिठ्ठी त्यांच्या परवानगीने पाठवतो: काय दिसले, काय बंद झाले, गुडघ्यासाठी तूर्त काय चालू आहे. त्यात दोषाचा शब्द नसावा. त्यांनी दहाच दिवसांसाठी दिली होती, हे चिठ्ठीत स्पष्ट लिहावे, कारण ते खरे आहे.

आजींचे पुढे असे झाले. "आज"च्या तिन्ही बाबी सरांनी घेतल्या, ईसीजी काढून पाहिला आणि त्यांना घरी पाठवले. पाचव्या दिवशी क्रिएटिनिन १.३, पोटॅशियम ४.८, उभे राहिल्यावरची चक्कर बरीच कमी. जादाची अॅम्लोडिपिन त्या दिवशी निघाली. पुढच्या दोन आठवड्यांत घोट्यांची सूज उतरली. सुनेच्या वहीत सकाळची साखर ११० ते १४० च्या दरम्यान राहिली, त्यामुळे लिनाग्लिप्टिनची वेळ आली नाही. महिन्याने क्रिएटिनिन १.१.

अॅस्पिरिनची शिफारस मात्र सरांनी नाकारली. आजींना सहा वर्षांपूर्वी थोडा वेळ बोलता येत नव्हते, अर्धांगाचा सौम्य झटका येऊन गेला होता. तेव्हाची फाइल दुसरीकडची, सरांना आठवत होते, कागदावर कुठेच नव्हते. मी कागदावर त्या ओळीसमोर "स्वीकारली नाही, पूर्वीचा झटका, अॅस्पिरिन चालू राहील" असे लिहिले, सरांची सही घेतली आणि ती नोंद आजींच्या केसपेपरच्या पहिल्या पानावर नेली, म्हणजे पुढच्या वेळी माझ्यासारखा दुसरा कुणी तीच गोळी काढायला सुचवणार नाही. प्रत्येक शिफारशीसमोर स्वीकारली, बदलून स्वीकारली किंवा स्वीकारली नाही, आणि का, एवढा रकाना तुमच्या कागदात आजच वाढवा. तीन-चार महिन्यांनी तो रकाना वरपासून वाचलात, तर तुमचे सर कोणत्या प्रकारच्या बाबी घेतात आणि कोणत्या तुम्हीच चुकीच्या गठ्ठ्यात टाकत होता, हे तुमच्याच हस्ताक्षरात सापडेल.